न्यायमूर्ती तेलंग आणि दोन शब्दांचे भाषांतर

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव रानडे आणि फिरोजशहा मेहता यांच्या जोडीने येते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, राष्ट्रसभेच्या पहिल्या पिढीतील पुढारी आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू एवढी त्यांची ओळख परीक्षेपुरती पुरते. परंतु संस्कृत शिकवताना मला त्यांची आठवण होते ती वेगळ्याच कारणाने. ‘धर्म’ आणि ‘कर्म’ हे दोन शब्द इंग्रजीत नेताना काय सांडते, काय वाकते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे त्यांच्या आयुष्याच्या आधाराने जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. म्हणून या लेखात त्यांचे चरित्र मी त्या दोन शब्दांच्या वाटेने सांगणार आहे.

तेलंगांचा जन्म 1850 साली मुंबईत एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. चुलत्यांनी त्यांना दत्तक घेतले होते. पाचव्या वर्षी त्यांना अमरचंद वाडीतील मराठी शाळेत घातले आणि 1859 मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. तेथे नारायण महादेव परमानंद यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले आणि पुढे हे गुरुशिष्य एकमेकांचे जिवलग स्नेही झाले. संस्कृतसाठी असलेली भगवानदास शिष्यवृत्ती तेलंगांनी मिळवली, एल्फिन्स्टन कॉलेजात फेलो म्हणून काम केले, एम. ए. आणि एलएल. बी. या पदव्या घेतल्या आणि 1872 साली ते उच्च न्यायालयात वकिली करू लागले. इंग्रजीवर पूर्ण प्रभुत्व आणि हिंदू कायद्याचे मूळ ग्रंथ संस्कृतातून वाचण्याची ताकद, अशी दुहेरी शिदोरी त्या काळच्या गोऱ्या वकिलांपाशी सहसा नसे. त्यामुळे तेलंगांचा व्यवसाय लवकरच भरभराटीला आला.

वकिलीच्या व्यापातही संस्कृतचा व्यासंग सुटला नाही. लोरिन्सर नावाच्या एका जर्मन पंडिताने 1869 साली असे प्रतिपादन केले होते की भगवद्गीतेतील अनेक विचार ख्रिस्ती नव्या करारातून उचललेले आहेत. तेलंगांनी गीतेचे इंग्रजी पद्यात भाषांतर करून 1875 साली प्रसिद्ध केले आणि त्याला जोडलेल्या निबंधात या मताचा समाचार घेतला. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते. या वादामागे भाषांतराचाही एक प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते. दोन ग्रंथांतली वचने एकमेकांशेजारी ठेवून ती सारखी दिसतात असे म्हणताना आपण बहुधा भाषांतरे शेजारी ठेवत असतो. बायबलात रुळलेले शब्द गीतेच्या भाषांतरात वापरले की गीता बायबलासारखी दिसू लागणारच.

तेलंगांचे मोठे काम याच्यानंतरचे आहे. मॅक्सम्युलर यांनी ऑक्सफर्डहून पूर्वेकडील पवित्र ग्रंथांची पन्नास खंडांची इंग्रजी माला काढली. तिच्या आठव्या खंडात, 1882 साली, तेलंगांनी केलेले भगवद्गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचे गद्य भाषांतर आले. गीता इंग्रजीत येण्याची ही पहिली वेळ नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या चार्ल्स विल्किन्स यांचे भाषांतर त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे, म्हणजे 1785 साली, लंडनला छापले गेले होते. ही दोन भाषांतरे समोरासमोर ठेवली की ‘धर्म’ या शब्दाचे काय होते ते पाहता येते.

तिसऱ्या अध्यायातला स्वधर्माचा प्रसिद्ध श्लोक घ्या. आपला धर्म उणा असला तरी चांगला पाळलेल्या परधर्मापेक्षा तो बरा, अशा अर्थाचा हा श्लोक आहे. विल्किन्स यांनी येथे ‘धर्म’ या शब्दासाठी ‘रिलिजन’ आणि ‘फेथ’ हे शब्द वापरले. वाचणाऱ्या इंग्रजाला त्यावरून असे वाटावे की श्रीकृष्ण अर्जुनाला आपला पंथ सोडून दुसऱ्या पंथात जाऊ नकोस असे बजावत आहे. पण कुरुक्षेत्रावर पंथ बदलण्याचा प्रश्न कोणापुढेच नव्हता. अर्जुनाने दुसऱ्या अध्यायात म्हटले होते की गुरुजनांना मारण्यापेक्षा भिक्षा मागून जगलेले बरे. भिक्षा हा ब्रह्मचाऱ्याचा किंवा संन्याशाचा धर्म, क्षत्रियाचा नव्हे. तेव्हा येथे ‘परधर्म’ म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचे विहित काम. अठराव्या अध्यायात हेच वचन पुन्हा येते, आणि तेथे तर त्याच्या मागेपुढे चार वर्णांच्या कामांचाच विषय चालू आहे. तेलंगांनी या श्लोकात ‘ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य हा शब्द घातला आणि अर्जुनाची अडचण इंग्रजी वाचकाला नीट कळेल अशी सोय केली.

अठराव्या अध्यायाच्या शेवटी सर्व धर्म सोडून मला शरण ये असे भगवान सांगतात. तेथे विल्किन्स यांनी ‘बाकीचे सगळे रिलिजन’ सोडून दे, असा अर्थ केला. मुळात ‘सर्व’ आहे, ‘बाकीचे’ किंवा ‘इतर’ असा शब्द नाही. परंतु एकदा धर्म म्हणजे पंथ असे ठरवले की सगळे पंथ सोडून एका देवाला शरण कसे जायचे, हा पेच पडतो आणि तो सोडवायला एक जादा शब्द पदरचा घालावा लागतो. अनुवादकाला असा शब्द घालावासा वाटला की समजावे, आधीच्या शब्दाची निवड कोठेतरी चुकली आहे. तेलंगांनी येथेही ‘सर्व कर्तव्ये’ असा अर्थ ठेवला आणि त्यांना काही वाढवावे लागले नाही.

मात्र तेलंगांनी सरसकट ‘ड्यूटी’ हा एकच शब्द वापरला असे समजू नये. त्यांच्या भाषांतराची खरी हुशारी यातच आहे. गीतेच्या पहिल्याच श्लोकातले ‘धर्मक्षेत्र’ त्यांच्याकडे पवित्र भूमी होते. पहिल्या अध्यायात अर्जुन कुलक्षयाने कुलधर्म नष्ट होतील असे म्हणतो, तेथे ते ‘राइट्स’ म्हणजे विधी आणि आचार असा शब्द घेतात. चौथ्या अध्यायात धर्माला ग्लानी येते तेव्हा तो ‘पायटी’ म्हणजे धर्मशीलता असतो. स्वधर्माच्या श्लोकात तो कर्तव्य असतो. एका शब्दाला चार ठिकाणी चार शब्द. इंग्रजी वाचकाला या चारही जागी मुळात एकच शब्द आहे हे कळत नाही, हा तोटा खराच. पण प्रत्येक जागी तो चुकीच्या दिशेला जात नाही, हा त्याहून मोठा लाभ.

या चार शब्दांतही सगळा धर्म मावत नाही. वाहणे हा पाण्याचा धर्म आणि जाळणे हा अग्नीचा धर्म असे आपण म्हणतो. पाण्याला कर्तव्य नसते. ‘धृ’ म्हणजे धारण करणे या धातूपासून हा शब्द आला. वस्तूला, माणसाला, कुळाला किंवा राज्याला जे धरून ठेवते, ज्याच्यावाचून ती गोष्ट ती राहत नाही, तो तिचा धर्म. म्हणून तो नेहमी कोणाचा तरी असतो. राजधर्म, पुत्रधर्म, शेजारधर्म, आपद्धर्म हे सगळे शब्द सांगतात की आधी धर्म कोणाचा आणि कोणत्या प्रसंगीचा ते विचारा. इंग्रजीत हा शब्द भाषांतर न करता जसाच्या तसा घेण्याची प्रथा पुढे पडली, आणि तेथे हा ‘कोणाचा’ गळून पडला. आता इंग्रजी बोलण्यात ‘माझा धर्म’ म्हणजे मला मनापासून आवडणारे काम, माझ्या आयुष्याची हाक, असा अर्थ ऐकू येतो. गीतेतला स्वधर्म आवडीनिवडीवर ठरत नव्हता, तो जन्माने आणि स्थानाने ठरत होता. ते आज आपल्याला पटो वा न पटो, शब्दाचा अर्थ मात्र तोच होता. अर्जुनाला आवडीचेच करायचे असते तर तो भिक्षापात्र घेऊन निघून गेला असता आणि गीता तेथेच संपली असती.

आता ‘कर्म’ या शब्दाकडे वळू. तेलंग वकिली करीत होते त्या मुंबईतच, 1879 च्या फेब्रुवारीत, थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट येऊन दाखल झाले. त्यांनी गिरगावात बिऱ्हाड केले आणि त्याच वर्षी ‘थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू केले. या मंडळींनी ‘कर्म’ हा शब्द पाश्चात्त्य वाचकांत जितका पसरवला तितका पंडितांच्या ग्रंथांनी पसरवला नसेल. त्यांच्या लिखाणात कर्म हा विश्वाचा एक अटळ नियम झाला. जो जे करतो त्याचे माप त्याच्या पदरात घालणारी जणू ती एक शक्तीच ठरली. त्याच मुंबईत बसून तेलंग मात्र गीतेतल्या ‘कर्म’ या शब्दापुढे ‘ॲक्शन’ म्हणजे कृती एवढा साधा, कोरडा शब्द लिहीत होते.

या साध्या शब्दाचे महत्त्व कळायला आजचा इंग्रजी वापर पाहावा. एखाद्याने दुसऱ्याची लबाडी केली आणि आठवड्याभरात त्याचा खिसा कापला गेला, तर इंग्रजीत म्हणतात, हे त्याचे कर्म. येथे कर्म म्हणजे त्याने केलेली लबाडी नव्हे, तर त्याला मिळालेली शिक्षा. जॉन लेननने 1970 साली एका गाण्याच्या नावातच कर्माला ‘इन्स्टंट’ करून टाकले, आणि तेव्हापासून तर ही शिक्षा तत्काळ मिळावी अशीही अपेक्षा रूढ झाली. संस्कृतात कर्म म्हणजे जे केले ते, आणि त्यातून जे आले ते फळ. त्या फळाच्या पिकण्याला शास्त्रकार कर्मविपाक म्हणतात. बी आणि फळ यांना दोन नावे आहेत, कारण त्या दोन वस्तू आहेत. शिवाय हे फळ याच जन्मात, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मिळेल अशी हमी कोणी दिलेली नाही. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे भाग पाडले गेले ते याच विलंबाचा उलगडा करण्यासाठी.

वर्गात विद्यार्थ्यांना मी एक सोपी कसोटी सांगतो. शब्दाचा नवा अर्थ मूळ वाक्यात परत घालून पाहावा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तुझा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही, असे सांगितले आहे. येथे कर्म म्हणजे मिळालेले फळ असा इंग्रजी अर्थ घातला तर वाक्य असे होते की तुझा अधिकार फळावर आहे, फळावर नाही. वाक्य जागच्या जागी कोसळते. तेलंगांचा ‘ॲक्शन’ हा शब्द घातला तर ते उभे राहते. चौथ्या अध्यायात कर्म, विकर्म आणि अकर्म असे तीन शब्द येतात. तेथेही तेलंग कृती, निषिद्ध कृती आणि निष्क्रियता असा भेद नीट राखतात. कर्म म्हणजे बक्षीस किंवा शिक्षा मानली तर निषिद्ध शिक्षा म्हणजे काय, याचे उत्तर कोणीच देऊ शकणार नाही. अर्थात ‘ॲक्शन’ या शब्दातही एक उणीव आहे. तिसऱ्या अध्यायात कर्म म्हणजे पुष्कळदा यज्ञकर्म असते आणि तो वास इंग्रजी शब्दाला येत नाही. पण उणा अर्थ आणि उलटा अर्थ यांत फरक आहे.

येथे इंग्रजीलाच दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. ‘कर्म माझं!’ म्हणून कपाळाला हात लावणारी मराठी आजीसुद्धा कर्म हा शब्द दैव या अर्थानेच वापरते. फरक एवढाच की तिच्या घरात ‘करावे तसे भरावे’ ही म्हणही नांदते, आणि करणे व भरणे हे दोन वेगळे शब्द आहेत हे ती जाणते. इंग्रजीत गेलेल्या शब्दाबरोबर ती म्हण गेली नाही.

तेलंगांच्या आयुष्याचा उत्तरार्ध न्यायालयात गेला. 1889 साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेथे धर्म या शब्दाचे आणखी एक वाकणे त्यांना रोज भेटत होते. मनुस्मृतीसारख्या ग्रंथात स्नान, विवाह, वारसा, राजाचे कर आणि प्रायश्चित्त हे सारे एकाच धर्माचे भाग आहेत. इंग्रजी अमलात त्याचे दोन तुकडे झाले. वारसा, दत्तक, वाटणी हा भाग ‘लॉ’ झाला आणि उरलेला ‘रिलिजन’ ठरला. 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या रिलिजनमध्ये ढवळाढवळ न करण्याचे वचन होते. त्यामुळे एखादी चाल कोणत्या तुकड्यात पडते यावर मुलीबाळींचे भवितव्य ठरू लागले. 1891 साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे करणारे विधेयक आले तेव्हा विरोधकांनी हीच ढाल पुढे केली. तेलंग विधेयकाच्या बाजूने होते.

पण याच तेलंगांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून आपल्या लहान मुलीचे लग्न केले. सुधारकांनी त्यांच्यावर कडक टीका केली आणि ती गैर होती असे म्हणता येत नाही. मला या प्रसंगात त्यांनी भाषांतरलेलाच शब्द दिसतो. कुलधर्म एकीकडे ओढत होता आणि स्वतःच्या विचाराने ठरलेले कर्तव्य दुसरीकडे. आपल्या भाषेत याला धर्मसंकट म्हणतात. धर्म अनेक असतात आणि ते एकमेकांवर आदळतात, हे या शब्दात गृहीत आहे. या ओढाताणीत चुकीच्या बाजूला झुकलेल्या माणसालाही दोन्ही ओढी जाणवत होत्या. मात्र त्याची किंमत त्या मुलीने मोजली, हेही विसरता येत नाही.

1892 साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झाले. ही दोन्ही पदे तोवर कोणा भारतीयाला मिळाली नव्हती. पण हा मान वर्षभरच टिकला. 1 सप्टेंबर 1893 रोजी, त्रेचाळीस वर्षांचे असताना, तेलंगांचे निधन झाले.

त्यानंतर सहा वर्षांनी, 1899 साली, मुंबईहून गेलेला एक दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई या नावाने तो प्रसिद्ध आहे. मृत्युपत्र करणाऱ्याने आपली मिळकत ‘धरम’साठी ठेवली होती. आपल्याकडे याचा अर्थ कोणत्याही दुकानदाराने सांगितला असता. अन्नछत्र, पाणपोई, धर्मशाळा, देवळाचा दिवा, गरिबाला मदत, म्हणजे दानधर्म. न्यायमूर्तींनी मात्र विल्सन यांचा कोश पाहिला. त्यात धर्म या शब्दाचे कायदा, सद्गुण, कायदेशीर किंवा नैतिक कर्तव्य असे अर्थ दिले होते. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे विश्वस्तनिधीचा हेतू इतका नेमका असावा लागतो की विश्वस्ताने तो पाळला की नाही हे न्यायालयाला तपासता येईल. सद्गुणासाठी ठेवलेला पैसा कसा तपासणार? तेव्हा हे दान संदिग्ध म्हणून रद्द ठरले. कोशातला अर्थ खोटा नव्हता. तो दुसऱ्या जागेचा होता. पहिल्या श्लोकातल्या धर्माला एक शब्द आणि स्वधर्माला दुसरा शब्द देणारा अनुवादक जे जाणत होता, ते कोश उघडणाऱ्या न्यायालयाने विचारात घेतले नाही. या निर्णयाच्या आधारे पुढे धर्मासाठी ठेवलेली अशी दाने न्यायालयांत टिकेनाशी झाली.

हा पेच आपल्या राज्यात सुटला तो 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो आणि धर्मादाय आयुक्तांची कचेरी त्याच्याच आधारे चालते. त्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे की धर्म, धर्मादा, पुण्यकार्य किंवा पुण्यदान अशा हेतूने केलेली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था केवळ हेतू अनिश्चित आहे म्हणून रद्द होणार नाही. इंग्रजी मसुद्यातही हे शब्द भाषांतर न करता तसेच छापले आहेत.

शब्द भाषांतर न करता ठेवण्याचा हा प्रकार वर सांगितलेल्या आवडीच्या कामाच्या ‘धर्मा’हून अगदी वेगळा आहे. तेथे शब्द उचलला आणि ज्याने त्याने त्यात आपला अर्थ भरला. येथे शब्द ठेवला आणि त्याचबरोबर तो ज्या संदर्भात बोलला जातो तो दानाचा संदर्भही ठेवला. तेलंगांनी चार जागी चार शब्द वापरून जे साधले, तेच या कलमाने एकही इंग्रजी शब्द न वापरता साधले आहे. धर्म हा शब्द कोणी उच्चारला, की तो कोणाचा आणि कशासाठी, हे आधी विचारावे. कर्म उच्चारले, की केलेले म्हणायचे आहे की भोगलेले, हे विचारावे. एवढे दोन प्रश्न मनाशी ठेवून तेलंगांचा तो आठवा खंड मूळ गीतेशेजारी ठेवून वाचावा, अशी माझी संस्कृतच्या विद्यार्थ्यांना विनंती आहे.